जीएसटीच्या गणितात जुन्या उत्तराचा फक्त सांगाडा घ्या

वजावटीच्या प्रश्नात बेरीज बरोबर असते, पण कोणतं क्रेडिट कुठे वापरलं ते तपासणाऱ्याला दिसत नाही आणि पायरीचे गुण जातात. जुन्या सोडवलेल्या प्रश्नातला तक्ता आकडे काढून कोरा उतरवून घ्या.

१. उभे चार रकाने: तपशील, आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी.

२. आडव्या ओळी: विक्रीवरील कर, वजा आयजीएसटी क्रेडिट, वजा सीजीएसटी क्रेडिट, वजा एसजीएसटी क्रेडिट, रोख भरायचा कर.

३. आकडे भरण्याआधीच सीजीएसटी क्रेडिटच्या ओळीत एसजीएसटीखाली आडवी रेघ मारा, एसजीएसटी क्रेडिटच्या ओळीत सीजीएसटीखालीही. ही दोन क्रेडिटं एकमेकांत चालत नाहीत. सर्वाधिक चुका इथंच होतात.

समजा घाटंजीचा फवारणी पंपाचा व्यापारी परराज्यात, तेलंगणातल्या आदिलाबादलाही माल विकतो. विक्रीवरील कर १८,०००, २७,०००, २७,०००. क्रेडिट ३०,०००, १०,०००, १०,०००. आयजीएसटीचे १८,००० आधी आयजीएसटीतच जातात. उरलेले १२,००० सीजीएसटीत घेतले, तर तिथे रोख ५,००० आणि एसजीएसटीत १७,००० राहतात. हे १२,००० दोघांत कसेही वाटता येतात, म्हणून कसे वाटले ते तक्त्याखाली एका ओळीत लिहाच. पडताळा: ७२,००० वजा ५०,००० म्हणजे २२,०००.

सांभाळा: १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीच्या उत्तरांत सीजीएसटी क्रेडिट आधी वापरलेलं सापडेल. आता आयजीएसटी क्रेडिट पूर्ण संपल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. त्या उत्तरातल्या ओळींचा क्रम बदलूनच तक्ता घ्या.