पिस्टन वर आलाय, पण कोणत्या फेरीत? फोर-स्ट्रोक समजून घेताना

आयटीआयमधून टू-व्हीलरच्या गॅरेजात येणाऱ्या मुलांना सक्शन, कम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट हे चार शब्द पाठ असतात. चित्रही डोळ्यांसमोर असतं: पिस्टन खाली, वर, खाली, वर. पण हातात पाना देऊन ‘कम्प्रेशनच्या टीडीसीला आण’ असं म्हटलं की निम्मे अडतात. टीडीसी म्हणजे पिस्टनचं सर्वांत वरचं टोक. पिस्टन एका चक्रात दोनदा अगदी वर येतो आणि दोन्ही वेळा तो सारखाच दिसतो. म्हापशाच्या ज्या गॅरेजात मी काम शिकलो तिथे मेस्त्री पिस्टनबद्दल फारसं बोलायचेच नाहीत. ‘व्हॉल्व्ह काय करतायत ते बघ,’ एवढंच म्हणायचे. इंजिन कळायला मला तीच वाट सोपी गेली, म्हणून इथेही तिकडूनच जातो.

एक ११० सीसीचं साधं स्कूटर इंजिन घेऊ. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची चाल ५५.६ मिलिमीटर. गुणाकार केला की १०९ सीसीच्या आसपास जागा निघते. कम्प्रेशन रेशो साडेनऊ धरला, तर पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम १३ सीसी जागा उरते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत चार स्ट्रोक होतात. व्हॉल्व्ह उघडतो तो कॅम. कॅमच्या गिअरला क्रँकच्या गिअरपेक्षा दुप्पट दाते असतात, त्यामुळे त्या दोन फेऱ्यांत कॅम एकदाच फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. आपण कोणत्या फेरीत आहोत हे क्रँकला ठाऊकच नसतं, ते ठाऊक असतं कॅमला. क्रँकच्या टोकाला बसवलेल्या मॅग्नेटवरची टीडीसीची ‘T’ खूण दोन्ही फेऱ्यांत समोर येते ती यामुळेच. बहुतेक छोट्या गाड्यांत स्पार्कची वेळ सांगणारी पिकअप कॉइल मॅग्नेटशेजारी असते. तिच्यामुळे स्पार्कही प्रत्येक फेरीला पडतो, एक कामाचा आणि एक एक्झॉस्टच्या शेवटी फुकटचा.

आता चित्रातला एक खोटेपणा काढून टाकू. पुस्तकात व्हॉल्व्ह बरोबर वरच्या आणि खालच्या टोकाला उघडतात आणि मिटतात. खऱ्या इंजिनात तसं होत नाही. पिस्टन खाली पोहोचून परत वर निघाला तरी इनलेट व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो. ६००० आरपीएमला एका स्ट्रोकला फक्त ५ मिलिसेकंद मिळतात. इनलेटच्या नळीतून वेगाने येणारी हवा पिस्टन वळला म्हणून लगेच थांबत नाही, तिच्या जोरावर आणखी थोडं मिश्रण आत शिरतं. म्हणून खरं कम्प्रेशन इनलेट मिटल्यावर सुरू होतं, पिस्टन वळल्यावर नाही. किक मारताना इंजिन हळू फिरतं, हवेला तो जोर नसतो, आणि थोडं मिश्रण उलटं बाहेर ढकललं जातं.

स्पार्कही वरच्या टोकाला पडत नाही, त्याआधीच पडतो. मिश्रण पेटायला आणि आग पसरायला वेळ लागतो, आणि सर्वांत जास्त दाब पिस्टन वरून थोडा खाली सरकल्यावर यायला हवा असतो. पूर्ण थ्रॉटलला तो दाब ४० बारपर्यंत गेला असं धरलं, तर ५० मिलिमीटरच्या पिस्टनवर जवळपास ८०० किलोचा भार पडतो. मग पिस्टन खाली पोहोचायच्या आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. पॉवर स्ट्रोक अर्धवट सोडल्यासारखं वाटतं खरं, पण तिथे क्रँकला फारसा जोर मिळतच नाही आणि उरलेल्या दाबानेच बराचसा धूर बाहेर पळतो. तो थांबवून ठेवला असता तर पुढच्या स्ट्रोकला पिस्टनला सगळा धूर रेटत बाहेर काढावा लागला असता. एक्झॉस्टच्या शेवटी, पिस्टन वरच्या टोकाजवळ असताना, एक्झॉस्ट मिटत आलेला असतो आणि इनलेट उघडायला लागलेला असतो. दोन्ही थोडे थोडे उघडे. याला ओव्हरलॅप म्हणतात. पुढच्या गोष्टीत याचंच काम आहे.

कळंगुटच्या बाजूला भाड्याने फिरणारी, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली एक स्कूटर गॅरेजात आली. मालकाचं म्हणणं एका ओळीचं होतं: ‘मेस्त्री, सकाळी अर्ध्या किकेत चालू होते, पण दुपारी पर्यटक कुठे थांबले की परत चालूच होत नाही.’ प्लग नवा होता, तरी काढून पाहिला. स्पार्क निळा होता, पेट्रोल येत होतं. कार्बोरेटर कुणीतरी आधीच दोनदा साफ केला होता. (गरम गाडी बंद पडली की आपल्याकडे आधी कार्बोरेटरच उघडतात. त्या बिचाऱ्याचा दोष क्वचितच असतो.)

गाडी थंड असताना किक हाताने हळूच दाबली तर एका जागी नेहमीसारखी अडत होती. फेरफटका मारून आणल्यावर तीच किक मऊ लागली. मग कम्प्रेशन गेज लावला. हे करताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर इंजिनला हवाच मिळत नाही आणि चांगलं इंजिनही नापास होतं. थंड असताना काटा १४० पीएसआयच्या पुढे गेला, गरम असताना ८० वर रेंगाळला. काही इंजिनांत किक सोपी व्हावी म्हणून कॅमवर डिकम्प्रेशनची सोय असते, तिथे आकडा मुळातच कमी येतो. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा थंड आणि गरम यांतला फरक जास्त बोलतो.

दाब जातोय कुठून? प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलाने फट तात्पुरती बुजून आकडा चढला असता. तो जवळजवळ तसाच राहिला, म्हणजे संशय व्हॉल्व्हवर. मग पिस्टन कम्प्रेशनच्या टीडीसीला आणला, मॅग्नेट फिरू नये म्हणून धरून ठेवलं आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा थोड्या दाबाने सोडली. सायलेन्सरच्या तोंडाला कान लावला तर तिथे ‘स्सऽऽ’ स्पष्ट ऐकू येत होतं. हाच आवाज कार्बोरेटरकडून आला असता तर इनलेट, आणि ऑइल भरायच्या तोंडातून आला असता तर रिंगा. इथे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता.

आता टॅपेट तपासायचा, म्हणजे त्याचा क्लिअरन्स मोजायचा, आणि नवीन मुलं नेमकी इथे अडतात. क्लिअरन्स म्हणजे कॅमच्या जोरावर व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामधली फट, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायचं. खूण जुळली म्हणून लगेच फीलर गेजची पाती फटीत घालू नका. तुम्ही चुकीच्या फेरीत, म्हणजे ओव्हरलॅपमध्ये असाल तर दोन्ही व्हॉल्व्ह थोडे दाबलेले असतात आणि दोन्ही रॉकर घट्ट लागतात. तिथे ‘फट नाही’ म्हणून स्क्रू सैल केला की खऱ्या जागी फट कितीतरी जास्त होते. मग गाडी टकटक वाजते आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडून लवकर मिटतो.

ओळखायची रीत सोपी आहे. खूण जुळल्यावर मॅग्नेट थोडं पुढे फिरवा, मग थोडं मागे. पुढे जाताना इनलेटचा रॉकर आणि मागे येताना एक्झॉस्टचा रॉकर खाली दाबला गेला, तर तुम्ही ओव्हरलॅपमध्ये आहात. मग क्रँकची एक पूर्ण फेरी आणखी द्या. पुढेमागे हलवूनही दोन्ही रॉकर जागचे हलत नसतील तर ती कम्प्रेशनची टीडीसी. दोन टीडीसींपैकी दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असतात ते फक्त हिच्यात. रॉकर सैल आहे की घट्ट यावरून मात्र ठरवू नका, कारण या गाडीत योग्य जागी आणूनही एक्झॉस्टचा रॉकर घट्टच होता. इनलेटला फट बरोबर होती, एक्झॉस्टला ०.०५ मिलिमीटरची पातळ पातीसुद्धा शिरेना.

फट गेली कशी? व्हॉल्व्ह मिटताना वर्षानुवर्षं हेडमधल्या आपल्या सीटवर आपटतो, सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हळूहळू आत बसत जातो. त्याची दांडी तेवढी रॉकरकडे सरकते. थंड असताना या गाडीत तो कसाबसा मिटत होता. गरम झाल्यावर दांडी लांबली, फट संपली आणि रॉकरने व्हॉल्व्हला सीटवरून किंचित उचलून धरलं. हे एक्झॉस्टलाच जास्त का होतं? इनलेटला प्रत्येक चक्रात गार मिश्रणाने अंघोळ मिळते, एक्झॉस्टच्या अंगावरून जळता धूर जातो. आपली उष्णता तो मुख्यतः सीटला टेकलेला असतानाच हेडमध्ये सोडतो. टेकलाच नाही तर गार होत नाही, आणि फटीतून निसटणारी आग त्याची कडा खात जाते. गंमत अशी की असा टॅपेट आवाज करत नाही. ‘इंजिन कसं मऊ चालतंय’ म्हणून मालक खूश असतो. थोडा वाजणारा टॅपेट मला त्यापेक्षा बरा वाटतो.

फट मॅन्युअलप्रमाणे लावली, गाडी फिरवून आणली आणि गरम असतानाच पुन्हा गेज लावला. ८० चा ११० झाला, पण थंडच्या आकड्याशी अजून जुळेना. म्हणजे कडेला इजा झालेली होती. हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरची करडी पट्टी एका जागी तुटलेली होती आणि तिथे काळा डाग होता. डाग उथळ होता, म्हणून व्हॉल्व्ह वाचला. ग्राइंडिंग पेस्ट लावून सीटवर घासला, पट्टी सगळीकडून सलग झाली, पेस्टचा कणही राहू नये म्हणून धुतला. स्प्रिंग बसवल्यावर पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओतून ठेवलं. दुसऱ्या बाजूने, चेंबरमध्ये, थेंब झिरपला नाही. कडा खोल जळलेली किंवा वाकलेली असती तर घासण्यात वेळ घालवला नसता, नवा व्हॉल्व्ह टाकला असता.

हेड चढवताना टायमिंगच्या खुणा जुळवून मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा आणि खुणा पुन्हा बघायच्या. दोन का, ते आता सांगायला नको. कॅम फिरवणारी चेन एक दाता जरी चुकली तरी क्रँकचे पंधरा-वीस अंश कधीही हलतात आणि चारही स्ट्रोकचे व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात.

मालकाला गाडी देताना मेस्त्रींनी सांगितलं की पाचेकशे किलोमीटर झाले की परत आणा, सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. नव्याने घासलेला व्हॉल्व्ह सीटवर आणखी थोडा बसतो आणि लावलेली फट परत कमी होते. मालक म्हणाला, ‘सीझनमध्ये सकाळी गाडी रिकामी कुठे असते?’ शेवटी ती आदल्या रात्री गॅरेजातच ठेवायची असं ठरलं.