एकाच कपाशीचे तीन उतारे: दशांशाचा घोळ असा सुटला

यवतमाळकडच्या कोरडवाहू कपाशी चाचणीचा अहवाल. एकाच वाणाचा उतारा मजकुरात १४.४४६, तक्त्यात १४.४ आणि आलेखात १४.५ क्विंटल प्रतिहेक्टर.

आधी दशांश किती, ते ठरवलं. प्लॉट २० चौरस मीटरचा, वजनकाटा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. हेक्टरी हिशेबात ते १० ग्रॅम म्हणजे ०.०५ क्विंटल. त्यात प्लॉटा-प्लॉटातला फरक मोठा, स्टँडर्ड एरर ०.६२. म्हणजे पहिल्या दशांशातच शंका आहे, तिसरा नुसता दिखावा. सगळीकडे एकच दशांश ठेवला: १४.४ ± ०.६.

आलेखातला १४.५ दोनदा पूर्णांकन केल्याने आला होता. १४.४४६ चे आधी १४.४५ केले, तोच आकडा टाइप केला, मग १४.५. म्हणून मूळ रकान्याला हात लावायचा नाही. अहवालासाठी वेगळा रकाना:

```
=ROUND(B2,1)
```

`Decrease Decimal` बटण फक्त दिसणं बदलतं, आतला आकडा तोच राहतो. आलेखही याच रकान्यावरून काढा आणि फॉरमॅट `0.0` ठेवा, नाहीतर १३.० चा नुसता १३ होतो.

एक गोष्ट मात्र राहतेच. दुसऱ्या वाणाचा उतारा १२.७६२, तक्त्यात १२.८. तक्त्यावरून वजाबाकी १.६ येते, मूळ आकड्यांवरून १.६८४, म्हणजे १.७. मजकुरात १.७ च लिहावं आणि तक्त्याखाली टीप द्यावी: ‘फरक पूर्णांकनापूर्वीच्या आकड्यांवरून काढला आहे.’