लहान मुलाचं खेळणं तपासताना या चुका टाळा

उदाहरणासाठी चौदा महिन्यांच्या बाळाची एक प्लास्टिकची गाडी घेऊ. तिला चार चाकं, समोर चिकटवलेले दोन डोळे, ओढायला साठ सेंटिमीटरची दोरी आणि दोरीच्या टोकाला मणी आहे. बटण दाबलं की ती गाणं म्हणते, म्हणजे आत बटण सेल आहेत. अशी गाडी तपासताना बहुतेक जण ती हातात घेऊन उलटीसुलटी करतात, कडा धारदार नाहीत ना ते बघतात आणि "एवढी मोठी आहे, तोंडात कुठे जाणार" म्हणून मुलाकडे देतात. पण गाडी घशात अडकत नाही, अडकतो तो तिचा निघालेला तुकडा. म्हणून नव्या गाडीची नव्हे, चार महिने आपटून, चावून, ओढून झाल्यावर ती जशी होईल तशा गाडीची तपासणी करायची.

चूक पहिली: आधी मोजणं, मग ओढणं

क्रम उलटा हवा. आधी गाडीला मुलासारखं वागवा. चाक चिमटीत धरून दोन्ही दिशांना पिळा, मग सरळ बाहेर ओढा. स्वस्त गाड्यांमध्ये चाक धातूच्या दांड्यावर नुसतं दाबून बसवलेलं असतं. पिळल्यावर ते दांड्यावर सैल फिरू लागलं तर त्याची पकड गेली असं समजा, आज निघालं नाही तरी पुढच्या महिन्यात निघेल. युरोपच्या एन ७१ या मानकात सहा मिलिमीटरपेक्षा मोठ्या भागाला ९० न्यूटन, म्हणजे साधारण नऊ किलो वजनाइतका ताण देतात. सामान तोलायचा हुकाचा काटा चाकामागे दोरीने अडकवला तर घरीही हा अंदाज येतो. बोटांनी दिलेला ताण सहसा याहून बराच कमी पडतो, म्हणून हाताने नुसतं ओढून "पक्कं आहे" म्हणू नये.

मग गाडी कमरेच्या थोडं खालून, ८५ सेंटिमीटर उंचीवरून, कडक फरशीवर पाच वेळा टाका. दर वेळी वेगळी बाजू खाली येऊ द्या. दांडा बाहेर डोकावणं, कोपऱ्याला तडा जाणं, सेलचं झाकण उघडणं, या तीन गोष्टी बघायच्या. गाडीचे चिकटवलेले डोळे तपासायला पाणी वापरा. कोरड्या स्टिकरला नखाने चाचपून काही कळत नाही, कारण गोंद खरा सुटतो तो लाळेने. चार मिनिटं पाण्यात, दहा मिनिटं बाहेर, असं चार वेळा करून मग कड उचकटून बघा. सेल असलेलं खेळणं बुडवू नका, डोळ्यांवर ओला कपडा ठेवा.

आता जे निघालं ते मोजा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्रयोगशाळेत एक छोटा दंडगोल वापरतात. त्याचा आतला व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, तळ तिरका असतो आणि खोली एका बाजूला २५.४, तर दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर असते. न दाबता, कोणत्याही बाजूने, तुकडा त्यात पूर्ण मावला तर खेळणं नापास. आपल्या गाडीचं ३० मिलिमीटरचं चाक त्यात अलगद बसतं. घरी टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीने काम भागतं. ती सुमारे चार सेंटिमीटर रुंद असते, म्हणून खऱ्या दंडगोलापेक्षा कडक निकाल देते, आणि इथे तेच बरं.

चूक दुसरी: चेंडूलाही तीच नळी लावणं

टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो. तो त्या दंडगोलात मावत नाही, तरी तीन वर्षांखालच्या मुलाला देण्याजोगा नाही. चौकोनी तुकडा घशात अडकला तर कडेने थोडी हवा जाऊ शकते. गोल वस्तू मात्र बुचासारखी बसते आणि ओली असल्याने बोटांना निसटते. म्हणून चेंडूची मर्यादा वेगळी आहे: व्यास ४४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त हवा. चेंडू नळीने नव्हे, पट्टीने मोजा.

चूक तिसरी: "तीन वर्षांवरील" म्हणजे अवघड, असं समजणं

डब्यावरचा हा आकडा वाचून "आमचा हुशार आहे, त्याला जमेल" असं म्हटलं जातं. त्या आकड्याचा हुशारीशी बहुधा संबंध नसतो. आत सुटे छोटे भाग आहेत आणि त्याखालचं मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालतं, एवढाच त्याचा अर्थ. मोठं भावंड घरात असेल तर दोघांची खेळणी एकाच टोपलीत टाकणं हीही तीच चूक.

दोरीचं थोडक्यात: ओढायची दोरी तीस सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर टोकाला मणी नको. मणी दोरीतच अडकून फास तयार होतो. आपल्या गाडीचा मणी काढून टाका आणि दोरीही कापून आखूड करा.

चूक चौथी, सर्वांत महागाची: झाकण बंद दिसलं की निश्चिंत होणं

गाणाऱ्या खेळण्यांत बहुधा एलआर४४ जातीचे तीन सेल असतात, प्रत्येक ११.६ मिलिमीटर रुंद. काहींत २० मिलिमीटरचा लिथियम सेल असतो आणि तो जास्त धोक्याचा, कारण तो अन्ननलिकेत अडकतो आणि त्याचा विद्युतदाब ३ व्होल्ट असतो. अन्ननलिकेच्या ओल्या भिंतीला टेकल्यावर त्यातून प्रवाह वाहतो, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर भाजतं. गाणं थांबलेल्या, "संपलेल्या" सेलमध्येही एवढं करण्याइतकी ताकद उरते.

झाकण स्क्रूनेच उघडायला हवं, किंवा दोन वेगळ्या हालचाली एकाच वेळी कराव्या लागायला हव्यात. स्क्रू सैल केल्यावरही झाकणातच अडकून राहणारा असावा, नाहीतर तोच एक छोटा भाग होतो. मग झाकण तीन वेळा उघडून लावा. प्लास्टिकमध्ये थेट कापत जाणारा स्क्रू असेल तर आटे लवकर झिजतात आणि स्क्रू घट्ट न होता नुसता फिरत राहतो. असं झालं की चिकटपट्टी लावू नका, मूल ती सोलतं. सेल काढून गाडी मुकीच खेळू द्या.

चुंबक असलेल्या खेळण्यातूनही चुंबक सुटा होता कामा नये. दोन सुटे चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन वळशांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटून तिला भोक पडतं.

रंगातलं शिसं घरच्या तपासणीत दिसत नाही. रंग नखाने खरवडून निघत असेल तर खेळणं परत करा.

एखादा सेल कमी भरला आणि मूल लाळ गाळत असेल, खात नसेल किंवा खोकत असेल, तर वाट बघू नका. काहीच लक्षण नसलं तरीही नाही. उलटी करवू नका, थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि त्याच जातीचा दुसरा सेल किंवा खेळणं सोबत न्या. एक्स-रेत सेल नाण्यासारखा दिसतो, पण कडेला दुहेरी वर्तुळ असतं. डॉक्टरांना "नाणं असेल" असं न सांगता "बटण सेल असू शकतो" असं सांगा.