जहाजाचा करार : एकूण पगाराच्या आकड्याला भुलू नका, या चुका टाळा

मास्टर म्हणून मी बरीच वर्षं महिनाअखेरीला वेज अकाउंटची बेरीज केली आहे. केबिनच्या दारावर टकटक व्हायची आणि हातात पे स्लिप घेऊन कोणीतरी उभं असायचं, "सर, पैसे कमी आले." दहातल्या आठ वेळा हिशोबात चूक नसायची. चूक झालेली असायची सहीच्या दिवशी, कारण करारातला फक्त खालचा एकूण आकडा वाचलेला असायचा. उरलेल्या दोन वेळा मात्र पैसे खरोखर बुडालेले असायचे, आणि तेही कोणाच्या सहज लक्षात येणार नाही अशा जागी.

एकूण आकड्यावरून दोन करार तोलणं

एका एबीपुढे दोन करार आहेत असं समजा. दोन्हींत आठवड्याचे ४८ तास नेहमीचं काम. पहिल्याचा एकूण पगार महिना १,५५० डॉलर, दुसऱ्याचा १,४८६. बहुतेक जण पहिल्यावर सही करून मोकळे होतील. आता तेच आकडे फोडून पाहू.

बेसिक म्हणजे नेहमीच्या तासांचा पगार, एवढंच. ओव्हरटाइम, रजेचा पगार, भत्ता, बोनस यांतलं काहीही बेसिकमध्ये मोडत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराच्या, म्हणजे एमएलसी २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बेसिकसाठी आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम धरू नये आणि ओव्हरटाइमचा तासाचा दर बेसिकच्या तासाच्या दराच्या किमान सव्वापट असावा. आठवड्याचे ४८ तास म्हणजे महिन्याचे सरासरी २०८. म्हणून बेसिकला २०८ ने भागायचं आणि आलेल्या उत्तराची सव्वापट करायची.

पहिल्या करारात बेसिक ७२८ आहे. तासाला साडेतीन डॉलर पडले, ओव्हरटाइमचा दर सुमारे ४.३७. यात फिक्स्ड ओव्हरटाइम १५० तासांचा धरला आहे, त्याचे ६५६ डॉलर. महिन्याला अडीच दिवसांच्या रजेचे ६१, आणि 'स्पेशल अलाउन्स' म्हणून १०५. झाले १,५५०.

दुसऱ्यात बेसिक ८३२. तासाला चार डॉलर, ओव्हरटाइमला पाच. फिक्स्ड ओव्हरटाइम १०३ तासांचा, म्हणजे ५१५. महिन्याला पाच दिवसांची रजा, तिचे १३९. झाले १,४८६.

महिन्याला खरोखर १५० तास ओव्हरटाइम झाला, तर पहिल्या करारात एक पैसाही वर मिळत नाही, कारण ते तास आधीच पगारात विकले गेले आहेत. दुसऱ्यात १०३ च्या वरचे ४७ तास पाच डॉलरने मिळतात, म्हणजे २३५, आणि हातात येतात १,७२१. 'कमी पगाराचा' करार महिन्याला १७१ डॉलरने पुढे गेला. उलट जहाज लांब पल्ल्याच्या फेऱ्यांवर असेल, बंदरं कमी असतील आणि ओव्हरटाइम शंभरच्या आसपासच राहणार असेल, तर पहिला करार खरंच चांगला. म्हणून सहीच्या आधी एजंटला विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न हा : फिक्स्ड ओव्हरटाइम किती तासांचा, आणि त्याच्या वरच्या तासांचे पैसे मिळतात का? करारात तासांचा आकडा लिहिलेलाच नसेल, तर तो लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. कन्सॉलिडेटेड, म्हणजे सगळं एकत्र धरलेला पगार असेल, तर त्यात किती तास काम अपेक्षित आहे हे करारात स्पष्ट असायला हवं, असं एमएलसीची तत्त्वंही सांगतात.

काही करारांत बेसिक ४८ ऐवजी ४० तासांवर असतो. तिथे भागाकार २०८ ने नाही, १७३ ने करायचा, आणि शनिवारचं काम ओव्हरटाइममध्ये येतं. तोच ८३२ चा बेसिक ४० तासांवर असेल, तर ओव्हरटाइमचा दर पाचऐवजी सहा डॉलरच्या घरात जातो. भागाकार कशाने करायचा हे कराराच्या तासांच्या कलमात बघा, शेजारच्या केबिनमधल्या मित्राच्या स्लिपवरून ठरवू नका.

रविवार न मोजणं

आता ते खरोखर बुडालेले पैसे. एका जहाजावर मी मधेच मास्टर म्हणून रुजू झालो. तिथल्या एका एबीचा करार वरच्या दुसऱ्या करारासारखाच होता. त्याच्या ओव्हरटाइम शीटवर दर महिन्याला नव्वद-शंभर तास, म्हणजे १०३ च्या आत, म्हणून जादा काही नाही. माणूस मात्र सतत कामावर दिसायचा. मी शीट उघडून एक रविवार बघितला. पहाटे ४ ते ८ वॉच, सकाळी १० ते दुपारी १ बंदरात शिरताना स्टेशन्स, संध्याकाळी ४ ते ८ पुन्हा वॉच. एकूण अकरा तास. शीटवर लिहिले होते तीन.

लिहिणाऱ्याने रविवारीही आधीचे आठ तास नेहमीचे धरले होते. पण आठवड्याचे ४८ तास सोमवार ते शनिवार भरून झालेले असतात. रविवार सुट्टीचा, त्यामुळे त्या दिवशीचा पहिला तासही ओव्हरटाइमच. करारात जोडलेल्या यादीतल्या सुट्ट्यांचंही तसंच. त्या महिन्यात चार रविवार होते, म्हणजे ३२ तास गायब. मूळचे ९६ आणि हे ३२ मिळून १२८. हमीचे १०३ वजा केले की २५ तास उरतात, पाच डॉलरने १२५ डॉलर. दर महिन्याला.

चालू महिन्याचं शीट मी लगेच दुरुस्त करवलं. मागच्या महिन्यांसाठी ऑफिसने पुरावा मागितला, कारण प्रत्येक शीटवर त्याची स्वतःची सही होती. त्याच्या खिशातल्या छोट्या डायरीत तीन महिन्यांच्या वेळा लिहिलेल्या सापडल्या. तेवढ्या तीन महिन्यांचे पैसे मिळाले. त्याआधीचे गेले. आजही ती गोष्ट मला डाचते.

स्वतःचा आकडा पडताळायला फार काही लागत नाही. रोज आठ तास वॉच आणि सोमवार ते शनिवार अडीच तास डेकचं काम असेल, तर आठवड्याला १५ तास वरचे आणि रविवारचे ८, असे २३ होतात. महिन्याला जवळपास शंभर. म्हणजे साध्या रूटीनमध्येच १०३ ची हमी भरत येते. होल्ड क्लीनिंग झालं, तीन बंदरं लागोपाठ आली आणि तरी शीटवर नव्वदच दिसत असतील, तर रविवारचे रकाने सर्वांत आधी तपासा. एक अपवाद लक्षात असू द्या : ड्रिल आणि जहाजाच्या किंवा माणसांच्या जिवावर बेतलेल्या आणीबाणीत केलेलं काम बऱ्याच करारांत ओव्हरटाइममध्ये धरत नाहीत.

विश्रांतीच्या तक्त्यावर खोटी सही करणं

याबद्दल उघडपणे कमी बोललं जातं. एमएलसीनुसार विश्रांतीचे तास २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ हवेत. इन्स्पेक्शनच्या आधी तक्ता 'साफ' करायचा म्हणून चौदा-पंधरा तास काम केलेल्या दिवशी कामाचे दहाच तास दाखवले जातात, आणि खालचा माणूस चीफ मेटला नाही म्हणायचं कसं म्हणून सही करून टाकतो. नंतर जादा ओव्हरटाइमचा दावा केला की ऑफिस तोच तक्ता समोर ठेवतं : तुमच्याच सहीने तुम्ही त्या वेळेत विश्रांती घेत होता. एका सहीत थकवाही लपला आणि पैसेही गेले. ओव्हरटाइम शीट आणि विश्रांतीचा तक्ता एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. जुळत नसतील तर सहीच्या आधी बोट ठेवून दाखवा, आणि ओव्हरटाइमच्या नोंदीवर महिन्याच्या महिन्याला सही करा. तीन महिन्यांच्या एकदम करू नका. तीन महिन्यांपूर्वीचा बुधवार कोणालाच आठवत नाही.

रजेचा पगार दोनदा येईल असं धरणं

घरी गेल्यावर रजेचा पगार वेगळा सुरू होईल, अशी अनेकांची समजूत असते. एकूण पगारात 'लीव्ह पे' ही ओळ असेल, तर ते पैसे त्यातच आहेत. काही कंपन्या ते महिन्याला देतात, काही साइन ऑफपर्यंत जमा ठेवतात. जमा ठेवत असतील आणि तुम्ही घरची अलॉटमेंट एकूण आकड्यावर लावली असेल, तर दर महिन्याला बॅलन्स उणे दिसेल. त्याला कपात समजू नका. अलॉटमेंट कमी करून घ्या.

हिशोब असा : एमएलसीनुसार कामाच्या प्रत्येक महिन्याला किमान अडीच दिवस रजा, करारात जास्त असेल तर ती. वरच्या दुसऱ्या करारावर कोणी नऊ महिने बारा दिवस राहिला, तर ९.४ गुणिले ५, म्हणजे ४७ दिवस. ८३२ भागिले ३०, दिवसाला २७.७३. एकूण सुमारे १,३०३ डॉलर. त्यातले वरचे बारा दिवसच नेमके हरवतात, कारण हिशोब पूर्ण महिन्यांवर थांबवला जातो. मुदत वाढवून घेतली असेल, तर वाढीव काळाची रजाही मोजलेली आहे ना ते बघा. आजारी पडून केबिनमध्ये काढलेले दिवस किंवा बंदरातली शोअर लीव्ह या रजेतून वजा केलेली दिसली, तर ती चूक आहे.

शेवटचं वेज अकाउंट गँगवेवर, बॅग हातात घेऊन वाचू नका. दोन दिवस आधी मागा आणि चार ओळी स्वतः जुळवून पाहा : शेवटच्या अपुऱ्या महिन्याचा बेसिक, फिक्स्ड ओव्हरटाइमच्या वरचे तास, जमा रजा, आणि कॅश अ‍ॅडव्हान्स व बॉण्डची कपात. काही जुळलं नाही तर आधी मास्टरला लेखी द्या. तिथे उत्तर मिळालं नाही तर जहाजावरच्या तक्रार प्रक्रियेने पुढे जा. ती प्रक्रिया प्रत्येक जहाजावर असणं एमएलसीने बंधनकारक केलं आहे, आणि करारासोबत तिची प्रतही मिळायला हवी. फ्लाइटची वेळ झाली आणि वाद मिटलाच नाही, तर 'सर्व रक्कम मिळाली' या ओळीखाली नुसती सही करू नका. सहीशेजारी 'अमुक महिन्याचे पंचवीस तास बाकी, मान्य नाही' असं तारखेसह लिहा, आणि त्या पानाचा फोटो काढूनच गँगवे उतरा.