जुनी पोस्ट, आजचा बायो: नोंद ठेवताना या चुका टाळा

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि सगळीकडे गदारोळ झाला. त्याच दिवसांत कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एका दुकानाची २०२१ ची पोस्ट कुणीतरी उकरून काढली. फोटोत मशीन शिलाईची चप्पल, आणि शेजारी प्रोफाइलचा स्क्रीनशॉट: ‘जीआय अधिकृत वापरकर्ता, हातशिलाई’. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, ठरावीक भागातल्या मालाला मिळणारी कायदेशीर ओळख. खाली लोकांनी धुवायला घेतलं.

या दुकानाचं इन्स्टाग्राम मी बघतो. मालक आण्णा फोनवर म्हणाले, “आवो, ते जीआयचं आत्ता आत्ता लिवलंय की! तवा कुठं हुतं?” बरोबर होतं त्यांचं. पण फोनवर बरोबर असून काय उपयोग?

गोची अशी की इन्स्टाग्रामवर पोस्टला तारीख असते, बायोला नसते. २०२१ ची पोस्ट उघडून प्रोफाइलवर गेलात तर बायो दिसतो तो आजचा. दीडशे अक्षरांचा तो मजकूर कितीदा बदलला, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही. म्हणजे आज केलेला दावा आपोआप सगळ्या जुन्या पोस्टींना चिकटतो. बायोच्या तारखा आपल्यालाच लिहून ठेवाव्या लागतात. मी त्या ठेवत होतो, तरीही अडकलो. कुठे चुकलं ते सांगतो.

एकच तारीख लिहिणं

माझ्या शीटमध्ये प्रत्येक बायोपुढे एकच तारीख होती, बदलल्याची. पुढचा बायो आला की आधीचा संपला, असं मी गृहीत धरलं होतं. पण मधे कुणी तात्पुरता बदल करून परत जुना मजकूर टाकला, तर ही साखळी तुटते. आण्णांच्या मुलाने २०२१ च्या दिवाळीआधी नेमकं तेच केलं. हातशिलाईची ओळ काढून सवलतीची ओळ टाकली आणि दिवाळी झाल्यावर कधीतरी जुनी परत लावली. बदल केल्याचं त्याने मला कळवलं होतं, परत लावल्याचं नाही.

आता मी दोन तारखा लिहितो, कधीपासून आणि कधीपर्यंत. फाइलच्या नावातही त्या दोन्ही येतात, वर्ष आधी, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात:

```
insta_2021-09-06_2021-10-28.txt
insta_2021-10-28_2021-11-09.txt
insta_2021-11-09_2024-02-12.txt
```

तोच मजकूर परत लावला तरी नवी फाइल करायची. ‘बायो_नवीन’, ‘बायो_फायनल२’ असली नावं ठेवू नका. तीन वर्षांनी त्यातलं फायनल कुठलं हे ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही. शीटमध्ये ०३/०६/२०२१ असंही लिहू नये. शीटची सेटिंग अमेरिकी असेल तर ३ जूनचा ६ मार्च होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘दिसला’ आणि ‘बदलला’ यांची गल्लत

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. स्क्रीनशॉट एवढंच सांगतो की त्या दिवशी हा बायो दिसत होता. तो कधी लावला, हे तो सांगत नाही. माझ्याकडे २० नोव्हेंबर २०२१ चा एक स्क्रीनशॉट होता, एका प्रदर्शनाच्या अर्जासाठी काढलेला. त्यात हातशिलाईची ओळ होती. वादातली पोस्ट होती १४ नोव्हेंबरची. म्हणजे २८ ऑक्टोबरला ओळ काढलेली आणि २० नोव्हेंबरला परत दिसलेली, आणि १४ तारीख बरोबर मधल्या पोकळीत. अशा वेळी ‘तेव्हाही तीच असणार’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. रकाना रिकामा ठेवा आणि दुसरा पुरावा शोधा.

मी इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमधून खात्याची माहिती डाउनलोड करायला टाकली. आलेल्या झिपमध्ये प्रोफाइलमधले बदल होते: आधीचा मजकूर, नंतरचा मजकूर आणि वेळ. ओळ ९ नोव्हेंबरला परत लागली होती. वरच्या फाइलींमधली ती तारीख तिथून आली. पण तुमच्या खात्याचं किती मागचं मिळेल याचा भरवसा धरू नका, आणि खातं हातचं गेलं तर तेवढंही मिळत नाही. मी आता दर तीन महिन्यांनी ही झिप काढून ठेवतो.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो पुरावा समजणं

मुलाने मला एक स्क्रीनशॉट पाठवला होता. माझ्या फोनमध्ये त्याचं नाव `IMG-20250703-WA0012.jpg`. यातली तारीख व्हॉट्सॲपवर फोटो आल्याची, स्क्रीनशॉट काढल्याची नव्हे. शिवाय फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि आतली मूळ माहिती गळते. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तिथून डॉक्युमेंट म्हणून मागवा. स्क्रीनशॉटबरोबर मजकूर टाइप करून ठेवा, म्हणजे ‘हातशिलाई’ शोधलं की ती ओळ ज्या ज्या काळात होती त्या फाइली समोर येतात.

मजकूर ठेवला, आधार नाही

कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी आहे. कोल्हापुरात चप्पल विकतो म्हणून कुणी आपोआप ‘अधिकृत वापरकर्ता’ होत नाही. त्यासाठी स्वतःच्या नावाने वेगळी नोंदणी लागते. म्हणून शीटमध्ये प्रत्येक दाव्यापुढे त्याचा आधार लिहायचा. आण्णांचं प्रमाणपत्र पाहूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ओळ आली होती, पण प्रमाणपत्राचा फोटो त्या नोंदीजवळ ठेवलेला नव्हता. तो शोधण्यात एक दुपार गेली. ‘पन्नास वर्षांची परंपरा’ अशा दाव्यांचं तर आणखीच अवघड, कारण आकडा दरवर्षी जुना होतो. त्याऐवजी दुकान सुरू झाल्याचं साल लिहा.

नंतर जुनी नोंद ‘सुधारणं’

नोंदी जुळवताना मला कळलं की जीआयचा आरोप खोटा आहे, पण दुसरा खरा आहे. १४ नोव्हेंबर २०२१ ला बायोत ‘हातशिलाई’ होतं आणि पोस्टमधलं पायताण मशीनचं होतं. मुलगा म्हणाला, “ती नऊ तारीख चौदाच्या पुढं ढकलूया की.” झिप आमच्याकडेच होती, कुणी विचारलंही नसतं. पण एक तारीख हलवली की बाकीच्या तारखांवर आपलाच विश्वास राहत नाही. चुकीची नोंद सापडली तर ती तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नवी ओळ लिहावी, आजच्या तारखेने.

शेवटी आण्णांनी त्या पोस्टखाली लिहिलं: ‘जीआयची ओळ फेब्रुवारी २०२४ पासून आहे, तेव्हा नव्हती. त्या वेळी हातशिलाई लिहिलेलं होतं आणि ही चप्पल मशीनची होती, ती आमची चूक. तेव्हा ही जोडी घेतलेल्यांनी बिल घेऊन दुकानात यावं.’ दोघेजण आले. एकाकडे बिल नव्हतं, पण आण्णांनी चपलेचा तळ बघूनच ओळखली.