कर पुढे ढकलल्याने हाती किती उरते, ते कसे मोजावे

लातूरच्या मार्केट यार्डात आडत चालवणारे एक काका मला दर जुलैत विचारतात, "साहेब, कर भरायचाच आहे ना? मग आज काय अन् दहा वर्षांनी काय?" त्यांना मी कागदावर जो हिशेब मांडून दिला, तोच इथे देतो.

काका ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहेत, उपकर धरून ३१.२ टक्के. हाताशी १ लाख रुपये, मुदत १० वर्षे, वाढ दोन्हीकडे ७ टक्केच धरू.

आधी बँकेच्या एफडीचे पाहा. व्याज हाती मुदतीअंती येणार असले, तरी त्यावरचा कर दरवर्षी लागतो. पहिल्या वर्षी ७,००० रुपये व्याज, त्यातले २,१८४ कराला. म्हणजे खरी वाढ सुमारे ४.८ टक्क्यांचीच. दहा वर्षांनी १,६०,०६० रुपये होतात.

आता डेट म्युच्युअल फंड, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे गुंतवणारा फंड. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या युनिट्सच्या नफ्यालाही स्लॅबचाच दर लागतो, पण युनिट विकाल तेव्हा. दहा वर्षांनी १,९६,७१५ रुपये होतात, ३०,१७५ कर जातो, उरतात १,६६,५४०. दर तोच, वाढ तीच, तरी ६,४८० रुपये जास्त.

हे कुठून आले? पहिल्या वर्षीचे ते २,१८४ घ्या. ते सरकारचे देणेच आहे, पण नऊ वर्षे बिनव्याजी उसने तुमच्याकडे राहिले आणि ४,०१५ झाले. देणे फेडून, वाढीवरचा कर भरूनही १,२६० उरले. पुढच्या प्रत्येक वर्षाचे असेच, फक्त उसनवारीची मुदत कमी होत जाते. म्हणूनच २० वर्षे थांबलात तर फरक ४१,००० च्या आसपास जातो.

फंड घेताना 'ग्रोथ' पर्याय निवडा. लाभांश घेतलात तर त्यावर त्याच वर्षी कर लागेल. मधेच एका फंडातून दुसऱ्यात गेलात तर तीही विक्रीच धरतात. हे पुष्कळांना नोटीस आल्यावर कळते. पैसे काढायचे ठरले आणि घाई नसेल, तर मार्चअखेरऐवजी एप्रिलमध्ये काढा, नफा पुढच्या आर्थिक वर्षात जातो. आडत मुलाकडे सोपवून तुमचे उत्पन्न घटल्यावर काढलेत तर दरही कमी लागेल. उलट तेव्हा स्लॅब चढलेला असेल, तर मिळवलेले जाऊही शकते. फंडाचा ७ टक्के हा आकडाही हमीचा नाही आणि त्याचा खर्च त्यातूनच वजा होतो, म्हणून खर्च वजा जाऊन तुलना करा.

काकांनी यावर विचारले, "मग आगाऊ कराचा हप्ताही थांबवू का?" तो थांबवू नका. देय झालेला कर थकवला की महिन्याला १ टक्का व्याज लागते, वर्षाला १२. एफडीतून कर जाऊन ४.८ मिळत असताना हे उसने फार महाग पडते.