ढोलकी मागे पडत होती, कारण एमपीथ्री

पंचवटीतल्या मित्राला गाण्यातला ढोलकीचा स्टेम, म्हणजे फक्त ढोलकीचा वेगळा ट्रॅक, ३२० केबीपीएस एमपीथ्रीत पाठवला, बाकीचे वेव्ह होते, आणि त्याच्याकडे ढोलकीची प्रत्येक थाप किंचित उशिरा, क्लिकसोबत टक-टक अशी दुहेरी ऐकू यायला लागली. झूम करून बघितलं तर सुरुवातीलाच साधारण २५ मिलिसेकंदांची शांतता होती. एमपीथ्री एन्कोडर ती घालतो, काही सॉफ्टवेअर कापतात, काही नाही, त्यामुळे बिटरेट वाढवून हे जात नाही. त्याच एमपीथ्रीचा वेव्ह करूनही गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून मूळ प्रोजेक्टमधून २४ बिट फ्लॅक काढला, त्यात आवाज काहीही न गमावता दाबला जातो, फाईल वेव्हपेक्षा बरीच लहान. फेज उलटा करून मूळ ट्रॅकवर वाजवला, पूर्ण शांतता, म्हणजे दोन्ही हुबेहूब सारखे! एमपीथ्री आता फक्त ऐकवायच्या रफ मिक्सला.